आई-बाबांचा तोल: घरच्या घरी तीन चाचण्या आणि त्यापुढचं काम

म्हातारपणी कुणी पडलं की कारण विचारल्यावर एकच उत्तर येतं, "पाय घसरला." मग आपण बाथरूममध्ये रबरी चटई टाकतो आणि विषय मिटला असं समजतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये काही संशोधकांनी या उत्तराची पडताळणी केली. दोन वृद्धनिवासांच्या जेवणघरात, बैठकीच्या खोल्यांत आणि बोळांत कॅमेरे लावून त्यांनी १३० रहिवाशांच्या पडण्याच्या २२७ घटना प्रत्यक्ष पाहिल्या. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात घसरून पडलेले फक्त ३ टक्के निघाले. अडखळून पडलेले साधारण एकवीस टक्के होते. सर्वांत मोठा गट, म्हणजे ४१ टक्के, अशांचा होता की ज्यांनी स्वतःच शरीराचं वजन चुकीच्या बाजूला टाकलं होतं. वळताना, खुर्चीत बसायला जाताना, काही घ्यायला वाकताना, किंवा नुसतं उभं असतानासुद्धा.

कॅमेरे बाथरूममध्ये नव्हते, आणि वृद्धनिवासातली माणसं आपल्या आई-बाबांपेक्षा बरीच थकलेली असतात. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या घराला लागू होत नाहीत. पण मुद्दा राहतोच. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणं, ते चुकलं तर झटकन पाऊल टाकून सावरणं, आणि त्यासाठी मांडीत पुरेसं बळ असणं, या तीन गोष्टी जमिनीच्या गुळगुळीतपणापेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. आणि या तिन्ही मोजता येतात. त्यासाठी एक खुर्ची, एक मोजपट्टी आणि फोनमधलं घड्याळ पुरतं.

पार्सिपनीत आल्यावर काय बदलतं

एक नमुना घेऊ. या काकू काल्पनिक आहेत, पण अशा काकू तुमच्या ओळखीत नक्की असतील. वय ७४, राहायला ठाण्याला, मुलाकडे सहा महिन्यांसाठी पार्सिपनीला आलेल्या. रक्तदाबाची गोळी चालू आहे. झोप लागत नाही म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कधीतरी दिलेली एक छोटी गोळी रात्री घेतात. चष्मा दूरचं-जवळचं एकत्र असलेला. पाच वर्षांपूर्वी सोसायटीच्या आवारात तोल जाऊन मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर होतं, आता सगळं ठीक आहे. हे मनगट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ठाण्याला काकू दिवसातून दोनदा जिने उतरायच्या, भाजी घ्यायला चालत जायच्या, देवळात जमिनीवर बसून उठायच्या. पार्सिपनीत फुटपाथ सगळीकडे नाहीत, रूट ४६ ओलांडून चालत किराणा आणायला कुणी जात नाही, आणि मुलगा-सून कामावर गेली की दुपारभर सोफा आणि मालिका. घर स्प्लिट-लेव्हल, म्हणजे स्वयंपाकघरापासून बैठकीला जायला सात पायऱ्या आणि झोपायला आणखी सात, त्यावर मऊ कार्पेट. न्हाणीघरात टब, ज्याची कड ओलांडायला पाय जवळजवळ गुडघ्याएवढा वर घ्यावा लागतो. पहिले आठ-दहा दिवस दिवस-रात्रीचं चक्र उलटं, त्यामुळे रात्री तीन वाजता अनोळखी अंधारात उठणं आलंच.

घरातले हे अडथळे सगळ्यांना दिसतात. मला जास्त काळजी वाटते ती सोफ्याची. म्हाताऱ्या स्नायूंना विश्रांती फार महाग पडते. निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात त्यांच्या पायांतले सरासरी सुमारे एक किलो स्नायू गेले होते. सोफा म्हणजे अंथरूण नव्हे, पण दिशा तीच. शिवाय वयाबरोबर जास्त करून जातात ते वेगाने आकुंचन पावणारे तंतू, आणि तोल गेल्यावर अर्ध्या सेकंदात पाऊल टाकायला नेमके तेच लागतात. म्हणूनच "आई रोज अर्धा तास आरामात चालते" एवढ्यावरून तिला सावरता येईलच असं म्हणता येत नाही.

चाचण्या

अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने डॉक्टरांसाठी 'स्टेडी' नावाचा एक संच तयार केला आहे. पुढच्या तीन चाचण्या त्यातल्या आहेत. पण चाचणीच्या आधी प्रश्न येतात आणि प्रश्न विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. "आई, या वर्षात कधी पडलात का?" असं सुनेनं विचारलं तर उत्तर "छे, मी कशाला पडते" असंच येणार. पडणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट आहे, आणि मुलं आपल्याला एकटं राहू देणार नाहीत ही भीती त्यामागे असते. त्याऐवजी असं विचारा: "गेल्या दिवाळीपासून कधी तोल जाऊन खाली टेकावं लागलं का? कुठे? लागलं नसलं तरी सांगा." मग "अगं हो, लग्नात पायरीवर बसले होते तशी" हे बाहेर येतं. संचातले आणखी दोन प्रश्न असे आहेत: उभं असताना किंवा चालताना डगमगल्यासारखं वाटतं का? आणि पडण्याची भीती वाटते का? तिन्हीपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल तर पुढच्या चाचण्या करायच्या.

पहिली चाचणी खुर्चीतून उठण्याची. हात नसलेली, कडक बैठकीची, सुमारे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे ती मागे सरकणार नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा चालते, सोफा अजिबात चालत नाही. काकूंनी खुर्चीच्या मध्यभागी बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, हात छातीवर फुली मारल्यासारखे, तळवे विरुद्ध खांद्यांवर. "सुरू" म्हटलं की पूर्ण सरळ उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं तीस सेकंद. तुम्ही मोजायचं, त्यांनी नाही. तीस सेकंद संपताना अर्ध्याहून जास्त उठल्या असतील तर ते एक धरायचं. उठायला हातांचा आधार घ्यावाच लागला तर निकाल शून्य.

इथे गडबड होते ती अशी. मोजणारा मुलगा प्रेमाने अर्धवट उठणंही धरतो. काकू खुर्चीवर बसण्याऐवजी नुसत्या टेकून परत उठतात. किंवा गुडघा दुखतो म्हणून थांबतात आणि आपण ते अशक्तपण समजतो. तेव्हा थांबल्या तर का थांबल्या ते विचारून लिहून ठेवा, कारण गुडघ्याचं दुखणं आणि मांडीचा अशक्तपणा यांवरचे उपाय सारखे नाहीत. काकूंचा आकडा ८ आला असं धरू. ७० ते ७४ वयाच्या बाईसाठी १० पेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली. याच वयाच्या पुरुषासाठी ही रेषा १२ आहे, आणि ८० ते ८४ या वयात बायकांसाठी ९, पुरुषांसाठी १०. काकूंच्या मांड्या त्यांच्या वयाच्या मानाने कमी पडतात, एवढं यातून कळलं.

दुसरी चाचणी नुसतं उभं राहण्याची, चार पायऱ्यांत. ओट्याजवळ उभं करा म्हणजे धरायला जागा असेल, आणि तुम्ही शेजारी हात पसरून उभे राहा. अनवाणी नको वाटत असेल तर सपाट बूट चालतील, पण मोजे घालून लाकडी जमिनीवर नको. आधी दोन्ही पावलं शेजारी-शेजारी. मग एका पावलाचा आतला भाग दुसऱ्याच्या अंगठ्याला लागेल असं थोडं पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखं. शेवटी एका पायावर. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद. हात पसरले तर चालतात, शरीर हललं तर चालतं, पण पाऊल हलवायचं नाही आणि काठी धरायची नाही. दहा सेकंद झाले नाहीत की तिथेच थांबायचं. महत्त्वाची आहे ती तिसरी पायरी. टाचेला बोटं लावून दहा सेकंद उभं राहता आलं नाही तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. काकू सहाव्या सेकंदाला ओटा धरतात. एका पायावर उभं राहणं ही त्यापुढची पायरी आहे, आणि पंच्याहत्तरीला ती न जमणं ही मोठी बातमी नव्हे.

तिसरी चाचणी उठून चालण्याची. हात असलेली खुर्ची चालेल. तिच्यापासून १० फुटांवर जमिनीला चिकटपट्टी लावा. "सुरू" म्हटल्यावर उठायचं, नेहमीच्या वेगाने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीची काठी असेल तर ती घेऊनच. "सुरू" म्हटल्यापासून परत बसेपर्यंतचा वेळ मोजा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका वाढलेला. काकूंना १४ लागतात.

पण या चाचणीत घड्याळापेक्षा डोळ्यांना जास्त काम आहे. वळताना त्या दोन पावलांत वळतात की पाच-सहा छोटी पावलं टाकत? हात हलतात की अंगाला चिकटलेले राहतात? भिंतीचा आधार शोधतात का? बसताना हळू टेकतात की शेवटच्या अर्ध्या फुटाला धपकन पडतात? कॅमेऱ्यात टिपलेले ते ४१ टक्के आठवा. वळणं आणि बसणं याच त्या जागा. हात न हलवता छोटी छोटी पावलं टाकणं हे पार्किन्सनचं सुरुवातीचं लक्षणही असू शकतं, आणि ते "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं. शक्य असेल तर फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो.

आता या चाचण्यांची मर्यादा. घरात स्वतंत्रपणे राहणाऱ्या ज्येष्ठांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा, नुसत्या उठून चालण्याच्या वेळेवरून पुढे कोण पडेल हे नीट सांगता येत नाही असं दिसलं. अकरा सेकंदांत येणारे पडतात आणि पंधरा सेकंदांत येणारे वर्षानुवर्षं पडत नाहीत. म्हणून या आकड्यांना भविष्य समजू नका. त्यांचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. कुठे उणीव आहे ते कळतं, मांडीत की तोलात की वळण्यात. आणि तीन महिन्यांनी तेच मोजून फरक पडला का हे पाहता येतं. पुढे पडण्याचा सर्वांत भरवशाचा इशारा अजूनही तोच आहे: गेल्या वर्षात एकदा पडलेलं असणं. सीडीसीच्या म्हणण्याप्रमाणे एकदा पडलं की पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते.

व्यायाम, पण कुठला

पडणं कमी करणारा सर्वांत नीट तपासलेला उपाय व्यायामच आहे. २०१९ साली कॉक्रेन संस्थेने १०८ प्रयोगांतल्या २३ हजारांहून जास्त ज्येष्ठांची माहिती एकत्र केली. व्यायामाने पडण्याच्या घटना सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्या. तोलाचे व्यायाम आणि स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम दोन्ही एकत्र होते तिथे घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली, ताई-चीमध्ये १९ टक्के. नुसत्या चालण्याचा फायदा मात्र नक्की दिसला नाही. उलट ब्रिटनमधल्या १९९७च्या एका प्रयोगात, आधी हात मोडलेल्या बायकांना भरभर चालायला लावलं तेव्हा त्या जास्त पडल्या. चालणं हृदयाला चांगलं, मनाला चांगलं, पण तोल सुधारायचा तर तोलालाच थोडं अडचणीत आणावं लागतं. त्याच कारणाने खुर्चीवर बसून केलेला प्राणायाम या कामाला उपयोगी नाही. उभ्याने केलेलं वृक्षासन, भिंतीजवळ, हे उपयोगी आहे.

न्यूझीलंडमधला ओटागो कार्यक्रम हा या क्षेत्रातला जुना आणि चांगला नमुना आहे. ऐंशीच्या पुढच्या बायकांवर तो नव्वदच्या दशकात तपासला गेला, आणि त्याच गटाच्या चार प्रयोगांत मिळून पडणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. त्यात घोट्याला बांधायची वजनं वापरून पायाचे व्यायाम आणि उभ्याने तोलाचे व्यायाम असतात, आठवड्यातून तीनदा सुमारे अर्धा तास, शिवाय जमेल तसं चालणं. त्याची काकूंसाठी मांडणी काहीशी अशी होईल.

खुर्चीतून उठणं हाच पहिला व्यायाम. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन, मग एका हाताने, मग हात छातीवर. सहज जमायला लागलं की बसताना चार मोजत सावकाश खाली यायचं, कारण धपकन बसणं तिथेच सुधारतं. ओट्याला धरून टाचा उचलणं, नंतर बोटं उचलणं. घोट्याला एक पौंडाचं वजन बांधून बसल्या जागी गुडघा सरळ करणं, आणि उभ्याने पाय बाजूला उचलणं. हा बाजूचा व्यायाम कंटाळवाणा आहे म्हणून लोक सोडतात, पण आडवं वजन सावरणारे नितंबाचे स्नायू त्यातूनच तयार होतात. मग टाचेला बोटं लावून उभं राहणं, ओटा दोन हातांनी, मग एका हाताने, मग दोन बोटांनी, मग हात ओट्याच्या वर नुसता तरंगता. शेवटी ओट्याच्या कडेने आडवं चालणं आणि आठ आकडा काढत चालणं, वळण सुधारण्यासाठी.

व्यायाम पुरेसा कठीण आहे का हे कसं ओळखायचं? ताकदीच्या व्यायामात शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. तोलाच्या व्यायामात घोटे थोडे थरथरले पाहिजेत. दहा सेकंद पुतळ्यासारखं उभं राहता येत असेल तर पुढची पायरी घ्यायची वेळ झाली. बहुतेक घरांत चूक होते ती इथे: पहिल्या आठवड्यात ठरवलेलाच व्यायाम सहाव्या महिन्यातही चालू असतो. सुरुवात शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी, विशेषतः आधी पडलेल्या माणसाची. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, थांबवलं की काही महिन्यांत गेलेलं परत येतं. काकू परत ठाण्याला गेल्यावर हेच चालू राहिलं पाहिजे, त्यामुळे इथे महागडी यंत्रं घेण्यात अर्थ नाही. बारा आठवड्यांनी चाचण्या पुन्हा करा. खुर्चीचा आकडा ८ वरून ९ झाला तर ती नुसती सवयही असेल, ११ झाला तर ती खरी ताकद समजा.

व्यायामाइतकीच चार गोष्टी तपासायला हव्यात, त्या थोडक्यात सांगतो. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना चक्कर येण्याचं कारण सापडलं. गोळ्या स्वतः बंद करू नका, पण नोंद डॉक्टरांना दाखवा. काकूंची ती रात्रीची झोपेची गोळी अल्प्राझोलामसारखी निघाली तर ती पडण्याच्या दृष्टीने घरातली सर्वांत धोक्याची वस्तू आहे. तीही एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. तिच्याऐवजी इथल्या दुकानातली "पीएम" लिहिलेली गोळी देणं हा उपाय नव्हे, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत असणारं डायफेनहायड्रामिन म्हाताऱ्या मेंदूला तितकंच गुंगवतं. मोतीबिंदू असेल तर लांबवू नका, पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेने पडणं कमी झाल्याचं ब्रिटनमधल्या प्रयोगात दिसलं आहे. दोन्ही अंतरं एकत्र असलेल्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते, म्हणून बाहेर बरंच फिरणाऱ्यांना फक्त दूरचा वेगळा चष्मा फायद्याचा ठरतो.

घरात एकच गोष्ट नीट करायची असेल तर टबाजवळ धरायचा दांडा. तो भिंतीच्या पातळ पत्र्याला नव्हे, आतल्या लाकडी खांबांना स्क्रूने बसवा. हे खांब बहुधा सोळा इंचांवर असतात, ठोकून किंवा शोधक यंत्राने सापडतात. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, आणि तोल जाताना हात नेमका त्यालाच जातो. रात्रीसाठी पलंगापासून संडासापर्यंत आपोआप लागणारे दिवे. डिसेंबरनंतर ड्राइव्ह-वेवर दिसत नाही असा बर्फाचा पातळ थर जमतो, त्यासाठी बुटाखाली चढवायची तारांची जाळी मिळते. घरात शिरताना मात्र ती काढायची, फरशीवर तीच घसरते.

पडलं तरी मोडू नये म्हणून

इथपर्यंत पडण्याबद्दल झालं. हाड मोडणं ही थोडी वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींत गल्लत करणारे लेख मला पटत नाहीत. २०२० साली दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या साडेपाच हजार ज्येष्ठांवरच्या 'स्ट्राइड' प्रयोगात परिचारिकांनी प्रत्येकाचे धोके शोधून उपाय केले, तरी गंभीर इजा लक्षणीय कमी झाल्या नाहीत. इंग्लंडमध्ये जवळजवळ दहा हजारांवरच्या प्रयोगात व्यायाम किंवा सविस्तर तपासणी यांमुळे, नुसता छापील सल्ला पाठवलेल्यांपेक्षा, अस्थिभंग कमी झाले नाहीत. याचं एक कारण असं असावं की सल्ला दिला गेला, पण व्यायाम पुरेसा कठीण आणि पुरेसा काळ झाला नाही. दुसरं कारण साधं आहे. अस्थिभंगात दोन गोष्टी लागतात, पडणं आणि ठिसूळ हाड. दुसऱ्या गोष्टीला हात न लावता भागत नाही.

आता ते मनगट. उभ्या उंचीवरून पडून मोडलेलं हाड हा हाडानेच दिलेला अहवाल आहे. काकूंचं प्लास्टर निघालं तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी व्हायला हवी होती, आणि अशा बहुसंख्य बायकांची ती होत नाही, अमेरिकेतही नाही आणि भारतातही नाही. डेक्सा नावाची ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. त्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पण उणे २ असून आधी मनगट मोडलेलं असेल तरी औषधाचा विचार करायला हवा, कारण मोडणाऱ्या हाडांपैकी बरीचशी या मधल्या गटातल्या माणसांची असतात. भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या प्रवासी विम्यात अशा तपासण्या सहसा बसत नाहीत. म्हणून हे काम ठाण्यातच, येण्याआधी किंवा परत गेल्यावर, करून घेणं सोपं.

औषधांचा परिणाम चांगला आहे. झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा शिरेतून दिलेलं इंजेक्शन ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांना तीन वर्षं दिलं, तेव्हा खुब्याचं हाड मोडणाऱ्यांचं प्रमाण २.५ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आलं. २००७ सालचा हा प्रयोग. आधी मूत्रपिंडाचं काम, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं, आणि पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी येऊ शकते. आठवड्याच्या गोळ्याही आहेत, त्या रिकाम्या पोटी घेऊन अर्धा तास सरळ बसावं लागतं.

आपल्यासारख्या दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांसाठी एक धोका वेगळा सांगायला हवा. डेनोसुमॅब नावाचं दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे. ते चांगलं काम करतं, पण पुढचं इंजेक्शन चुकलं किंवा दुसरं औषध सुरू न करता थांबवलं तर हाडांची झीज उसळून येते आणि पाठीचे मणके एकापाठोपाठ मोडू शकतात. आई मे महिन्यात ठाण्याहून निघाली, नोव्हेंबरचं इंजेक्शन इथे कुठे घ्यायचं ते कुणी ठरवलं नाही, मग तिकीट पुढे ढकललं, असं सहज होतं. हे औषध सुरू करण्याआधी पुढच्या तारखा पंचांगात लिहून मगच हो म्हणा.

ड जीवनसत्त्वाबद्दल आपल्या मंडळींचा विश्वास फार आहे. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, आणि भारतीयांत ती बरीच असते. पण रोज २००० एकक घेऊन अस्थिभंग कमी होतात का हे सुमारे २६ हजार सर्वसाधारण निरोगी अमेरिकनांवर पाहिलं तेव्हा, २०२२ साली उत्तर नकारार्थी आलं. ऑस्ट्रेलियात ज्येष्ठ बायकांना वर्षातून एकदम पाच लाख एकक दिल्यावर तर पडणंही वाढलं आणि मोडणंही. तेव्हा भारतातून येताना आणलेली ती मोठ्या मात्रेची पाकिटं, "ताकद येते" म्हणून, तपासणी न करता देऊ नका.

आणि पडल्याच, तर

लगेच हात धरून ओढून उठवू नका. आधी तसंच राहू द्या आणि विचारा. मांडीच्या सांध्यात दुखतंय, पायावर भार देता येत नाही, तो पाय थोडा आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर न हलवता ९११. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वरून ठीक दिसलं तरी रुग्णालयात न्यायचं. एक्स-रे साफ आला पण पाय टेकवता येत नाही, तर एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा. खुब्याची काही फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत दिसत नाहीत.

काही लागलं नसेल तर उठण्याची रीत अशी. कुशीवर वळायचं, हातावर जोर देऊन ओणवं, दोन हात दोन गुडघ्यांवर रांगत मजबूत खुर्चीपाशी जायचं. दोन्ही हात बैठकीवर, मग जास्त जोर असलेला पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर, आणि हातांनी-पायांनी मिळून उठत खुर्चीवर वळून बसायचं. पाच मिनिटं बसून मगच उभं राहायचं. हे कधी न पडलेल्या आई-बाबांकडूनही एकदा गालिच्यावर करून घ्या, दुपारी, घाई नसताना. घरात दिवसभर एकटं असणाऱ्या माणसाला हे येत नसेल तर मुलगा संध्याकाळी परत येईपर्यंत जमिनीवर पडून राहावं लागतं, आणि त्या तासांतच निर्जलीकरण, अंगाला फोड आणि न्यूमोनिया सुरू होतात. काकू वर्षानुवर्षं मांडी घालून पूजेला बसतात, त्यामुळे त्यांना हे सुरुवातीला अवघड जाणार नाही. इथे आल्यावर पूजा खुर्चीवर बसून करायची सोय मुलाने केली असेल आणि गुडघ्यांची तक्रार नसेल, तर पाट परत जमिनीवर मांडा, आणि उठताना धरायला एक खुर्ची शेजारी ठेवा.